चार बोटं जागा सोडली, तरी बाटली का तडकली?

«नमस्कार. गेल्या रविवारी मुलगा मित्रांबरोबर पहाटेच अंजनेरीला निघणार होता. वाटेत गार पाणी मिळावं म्हणून आदल्या रात्री मी दोन बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. एक सरबताची जुनी, ७५० मिलीची काचेची, घट्ट झाकण लावून, आणि दुसरी एक लिटरची प्लॅस्टिकची. दोन्हींत वर चांगली चार बोटं जागा सोडली होती. सकाळी पाहते तर काचेच्या बाटलीला खांद्यापासून बुडापर्यंत तडा, आणि प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड असं फुगलेलं की ती उभीच राहीना. सासूबाई म्हणतात, झाकण सैल ठेवायला हवं होतं. मुलगा म्हणतो, पुढच्या वेळी त्याची स्टीलची थर्मास बाटलीच फ्रीजरमध्ये ठेवू. नेमकी किती जागा सोडायची, हे एकदा सांगाल का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक»

ताई, बोटं चारच होती, पण ती बाटलीच्या मानेत मोजली गेली, सगळा घोटाळा तिथे आहे. सरबताच्या बाटलीची मान आतून साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर उंची धरू. एवढ्या नळीत पाणी मावतं जेमतेम २२ मिली, म्हणजे दीड मोठा चमचा. तुम्हाला दिसायला भरपूर मोकळी जागा दिसत होती, पण बाटलीच्या हिशेबात ती नगण्य होती. हीच चार बोटं तुम्ही सरळ उभ्या डब्यात सोडली असती, तर बर्फ आरामात मावला असता आणि वर जागा उरलीही असती.

आता किती जागा लागते ते पाहू. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. टक्केवारी डोक्यात राहत नसेल तर असं लक्षात ठेवा: अकरा वाट्या पाण्याचा बारा वाट्या बर्फ होतो. वजन तेवढंच राहतं, जागा मात्र एक वाटी जास्त लागते. म्हणून बर्फ सांडू नये असं वाटत असेल, तर कोणत्याही भांड्याचा निदान बारावा हिस्सा रिकामा हवाच. हा बारावा हिस्सा भांड्याच्या पूर्ण, काठोकाठ मापाचा. लेबलवर छापलेल्या आकड्याचा नव्हे. ७५० मिली छापलेली बाटली काठोकाठ भरली तर तिच्यात बहुधा थोडं जास्तच मावतं.

तुमची बाटली माझ्यासमोर नाही, म्हणून काठोकाठ ७८० मिली धरून हिशेब करतो. त्यातले २२ मिली रिकामे, म्हणजे पाणी ७५८ मिली. त्याचा बर्फ होणार ८२६ मिली. बाटलीत जागा ७८० ची. म्हणजे ४६ मिली, मोजून तीन मोठे चमचे, इतका बर्फ असा की ज्याला त्या बाटलीत जागाच नाही. तो एकतर झाकण उडवणार, नाहीतर काच फोडणार. तुमच्याकडे त्याने काच निवडली. का निवडली, हा यातला खरा मजेचा भाग आहे आणि त्याचं उत्तर कळलं की नुसता आकडा पाठ करण्याची गरज उरत नाही.

त्याआधी, पाणी फुगतं तरी का? बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. वितळलेलं मेण थिजलं की मधोमध खळगा पडतो, तुपाचंही तसंच. पाण्याचं उलट आहे, कारण त्याच्या रेणूंना एकमेकांना धरण्याची ठरावीक पद्धत आहे. बर्फात प्रत्येक रेणू आपल्याभोवतीच्या नेमक्या चार रेणूंना, ठरलेल्या दिशांनाच, धरून असतो. त्यातून षटकोनी कड्यांची एक जाळी तयार होते आणि त्या कड्यांच्या मधे पोकळ जागा राहते. पाणी असताना ही जाळी सतत मोडत-जुळत असते, त्यामुळे रेणू त्या पोकळ्यांमध्ये घुसून दाटीवाटीने राहू शकतात. शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत घोळका करून उभी असलेली मुलं आणि तीच मुलं कवायतीला हात पसरून रांगेत उभी राहिलेली, एवढाच फरक. मुलं तेवढीच, मैदान मात्र जास्त लागतं. बर्फ पाण्यावर तरंगतो तोही याच कारणाने: एक लिटर पाणी साधारण एक किलोचं, तर एक लिटर बर्फ ९१७ ग्रॅमचा.

ही जाळी जुळण्याची तयारी गोठण्याच्या थोडी आधीपासून सुरू होते. नळाचं कोमट पाणी गार होत जातं तसं ते आधी आकसतं, इतर कुठल्याही द्रवासारखं. पण ४ अंश सेल्सिअसपाशी ते सर्वांत दाट होतं आणि त्याखाली गेलं की पुन्हा किंचित पसरायला लागतं. ४ अंशांपासून शून्यापर्यंतची ही वाढ अगदी कमी असते, बाटलीत तुम्हाला जाणवणारही नाही. पण तिचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. ४ अंशांखालचं अधिक गार पाणी हलकं असल्यामुळे वर येऊन थांबतं. म्हणजे उभ्या बाटलीत सर्वांत थंड पाणी असतं मानेपाशी. त्यातच मान अरुंद, तिथे पाणी थोडं, आणि फ्रीजरची थंड हवा तिला चहूबाजूंनी लागलेली. म्हणून बाटलीच्या पोटात अजून पाणीच असतं तेव्हा मानेत आणि खांद्याशी बर्फ धरतो, आणि तो बुचासारखा अडकून बसतो.

इथून पुढे वर किती जागा मोकळी आहे, याला अर्थ उरत नाही. बर्फाचं बूच वर, काचेला चिकटलेला बर्फाचा थर सगळीकडून, आणि मधोमध कोंडलेलं पाणी. गोठणं बाहेरून आत सरकत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर आतल्या पाण्याला थोडी जास्त जागा हवी असते. वर जाता येत नाही, म्हणून ते भिंतींवर दाबतं. अशा वेळी झाकण सहसा जागच्या जागी राहतं आणि तडा जातो खांद्यापासून खाली, पोटावर. तुमच्या बाटलीला नेमका तसाच तडा गेला आहे. झाकण उडालं असतं किंवा वर उचललं गेलं असतं, तर मी म्हणालो असतो की फक्त जागा कमी पडली. खांद्याखालचा तडा सांगतो की जागा तर कमी होतीच, शिवाय मान आधी बंद झाली होती. तेव्हा मानेच्या बाटलीत नियम दोन आहेत: रिकामी जागा पुरेशी हवी, आणि पाण्याची पातळी खांद्याच्या खाली, जिथे बाटली पूर्ण रुंद आहे तिथे हवी. पाणी मानेत पोचलंच नाही, तर बूच धरायला तिथे काही उरत नाही.

बर्फ नीट वर सरकला की कोंडला, हे पाहूनही ओळखता येतं. रुंद तोंडाच्या डब्यात बर्फाला वर यायला वाट मिळाली असेल तर मधोमध उंचवटा दिसतो. शेवटी गोठलेलं पाणी तिथून वर आलेलं असतं. आणि बर्फाच्या गाभ्यात जो पांढुरका, ढगाळ भाग असतो, तो सर्वांत शेवटी गोठलेला. पाण्यात विरघळलेली हवा बर्फाच्या जाळीत बसत नाही, ती आत आत ढकलली जाते आणि तिथे बुडबुडे होऊन अडकते. काही जणांना तो पांढरा भाग पाहून पाणी खराब असल्याची शंका येते, तसं काही नसतं.

कोंडलेल्या बर्फाचा दाब किती असू शकतो, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. १७८४-८५ च्या सुमारास कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मेजर एडवर्ड विल्यम्स या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने ओतीव लोखंडाचे पोकळ तोफगोळे पाण्याने भरले, तोंडात लोखंडी खुंट्या ठोकून बसवल्या आणि ते तिथल्या कडाक्याच्या थंडीत रात्रभर बाहेर ठेवले. काही गोळ्यांच्या खुंट्या शेकडो फूट लांब उडाल्या. जिथे खुंटी इतकी पक्की बसली होती की ती हललीच नाही, तिथे लोखंडी गोळाच फाटला आणि फटीतून बर्फाचा पातळ पापुद्रा बाहेर आला. घरच्या फ्रीजरचं तापमान साधारण उणे १८ अंश. तिथे पाण्याला नुसत्या दाबाने गोठण्यापासून रोखायचं म्हटलं, तर हवेच्या दाबाच्या दीड हजार पटींहून जास्त दाब लागेल. गाडीच्या टायरमध्ये तो दोन-तीन पट असतो. म्हणून «जरा जाड काचेची बाटली घेऊ» हा उपाय चालत नाही. भांडं मजबूत करून इथे जिंकता येत नाही, जागाच द्यावी लागते.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या अर्ध्या बरोबर आहेत. झाकण सैल ठेवल्याने मानेतलं बर्फाचं बूच काही सैल होत नाही, त्यामुळे तुमची काच तशीही गेलीच असती. पण सरळ बाटलीत झाकणाचा मुद्दा खरा आहे, आणि त्यामागचं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घट्ट झाकणाखालची जागा रिकामी नसते, तिच्यात हवा असते, आणि बर्फ वर येतो तसा तो त्या हवेला दाबत जातो. समजा काठोकाठ एक लिटरच्या बाटलीत ९०० मिली पाणी भरलं आणि झाकण घट्ट लावलं. बर्फ होईल ९८१ मिली. वरची १०० मिली हवा आता १९ मिलीत कोंबली जाईल. थंडीने ती थोडी आकसते हे धरूनही तिचा दाब बाहेरच्या हवेच्या साडेचारपटीच्या आसपास जातो. बारावा हिस्सा सोडूनसुद्धा बाटली फुगते किंवा झाकण उघडताना फट्कन आवाज येतो, तो यामुळे. त्याच बाटलीत ७५० मिली पाणी भरा. बर्फ ८१८ मिली, हवेला १८२ मिली जागा उरते, आणि दाब जेमतेम सव्वापटीच्या आत राहतो.

म्हणून माझं मत असं: घरात सगळ्यांना सांगायला एकच माप ठेवायचं असेल, तर पाऊण बाटली. चौथा हिस्सा रिकामा. झाकण घट्ट असो की सैल, त्यात सगळं निभावतं. सरळ उभा, रुंद तोंडाचा डबा असेल आणि झाकण सैल ठेवणार असाल, तर आठवा हिस्सा रिकामा ठेवूनही चालतं. त्याच्या खाली जाऊ नका. बारावा हिस्सा ही कागदावरची सीमा आहे, तिच्यावर रोजचं काम करू नये.

पण «पाऊण» हे उंचीने मोजायचं नाही. निमुळत्या बाटलीत पाऊण उंची म्हणजे जवळजवळ पूर्ण बाटली असते. एकदाच थोडा खटाटोप करा. रिकामी बाटली किराणा मोजायच्या काट्यावर ठेवा, वजन लिहा. मग ती काठोकाठ भरून पुन्हा ठेवा. दोन वजनांतला फरक जितके ग्रॅम, तितके मिली तिचं खरं माप. त्याच्या पाऊणपट पाणी राहीपर्यंत ओतून कमी करा, आणि पातळी दिसते तिथे न पुसणाऱ्या पेनाने बाहेरून रेघ मारा. ती रेघ खांद्याच्या वर आली, तर खांद्याच्या बोटभर खाली दुसरी रेघ मारा आणि तीच खरी समजा. काटा नसेल तर मोजपात्र किंवा औषधाच्या मापाच्या वाटीनेही होईल, फक्त वेळ लागेल. सरळ डब्याला हे काही करावं लागत नाही. तिथे उंची आणि माप एकाच हिशेबाने चालतात: २० सेंटिमीटर उंचीच्या डब्यात अडीच सेंटिमीटर म्हणजे आठवा हिस्सा, आणि पाच सेंटिमीटर, तुमची जवळजवळ तीन बोटं, म्हणजे चौथा हिस्सा.

काचेबद्दल मी कडक आहे. सरबताची, सॉसची, औषधाची, कुठलीही मानेची काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवूच नका, रेघ मारूनही नाही. पातळी थोडी चुकली, बाटली तिरकी झाली आणि पाणी खांद्यात शिरलं की झालं. काच ताणली जात नाही, ती एकदम फुटते. आणि तडा गेलेल्या बाटलीतला बर्फ वितळवून, गाळून वापरायचा विचारही करू नका. काचेचे सूक्ष्म कण गाळणीतून सुटतात. बाटलीसकट टाकून द्या, आणि फ्रीजरचा तो कप्पा ओल्या कागदाने पुसून घ्या, हाताने नको.

प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड का फुगलं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. तिचीही मान आधी बंद झाली, पण प्लॅस्टिक फुटण्याऐवजी ताणलं गेलं. बुडाला जे आत वळलेले खोबणीसारखे भाग असतात, ते दाबाने बाहेर आले. ही बाटली आता फ्रीजरसाठी बाद समजा. जिथे प्लॅस्टिक ताणलं गेलं तिथे पांढरट रेषा दिसतील, पुढच्या खेपेला ती तिथूनच गळेल. नवी घेताना बुडावरच्या त्रिकोणातला आकडा पाहा. १ आणि २ आकड्याच्या बाटल्या थंडी बऱ्यापैकी सोसतात. ५ आकड्याचं प्लॅस्टिक, ज्याचे आपले बरेचसे जेवणाचे डबे असतात, शून्याच्या आसपास आणि त्याखाली ठिसूळ होतं. त्यात पाणी पुरेशी जागा सोडून गोठवलं तरी डबा फ्रीजरमधून काढताना ओट्यावर आपटला की कोपरा उडतो, आणि दोष बर्फाला दिला जातो.

मुलाला अंजनेरीवर गार पाणी हवं असेल, तर अख्खी बाटली गोठवणं हाच मुळात चुकीचा बेत आहे. गोठलेला लिटरभर बर्फ वितळायला कित्येक तास घेतो. पोरं पायऱ्या चढून वर पोचली तरी बाटलीतून घोटभरच पाणी निघतं. त्याऐवजी असं करा. एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ४०० मिली पाणी घ्या, झाकण लावा आणि ती फ्रीजरमध्ये आडवी ठेवा. अर्ध्याहून कमी भरलेली असल्यामुळे पाणी बाटलीच्या लांबीभर पसरतं, वरचा पृष्ठभाग मोठा आणि मोकळा राहतो, आणि बूच धरण्याचा प्रश्नच येत नाही. ४०० मिलीचा बर्फ साधारण ४३६ मिली होईल. सकाळी निघताना उरलेल्या जागेत ५०० मिली माठातलं पाणी ओता. ते २५ अंशांचं असलं, तर त्याला शून्याच्या जवळ आणायला साधारण ११० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. म्हणजे निघाल्यानंतर थोड्याच वेळात अर्धा लिटर गारेगार पाणी प्यायला तयार, आणि बाटलीत अजून पाव किलोहून जास्त बर्फ शिल्लक. दुपारच्या उन्हात तोच कामाला येतो. बर्फ वितळताना आकसतो, त्यामुळे पाणी ओतल्यावर झाकण घट्ट लावलं तरी काही बिघडत नाही. बाटली टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये घाला, बाहेर घाम येतो त्याने कपडे भिजत नाहीत आणि बर्फही टिकतो.

आता स्टीलच्या थर्मास बाटलीबद्दल. तुमच्या मुलाला स्पष्ट नाही म्हणा. तिला दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून टाकलेली असते. उष्णता भिंतींतून जवळजवळ जातच नाही, म्हणूनच तिच्यातला चहा गरम राहतो. फ्रीजरमध्ये हाच गुण उलटतो. बाजूंनी आणि बुडाकडून पाणी गार होतच नाही, ते गार होतं ते फक्त तोंडाकडून, झाकणातून. म्हणजे गोठणं वरूनच सुरू होतं आणि बूच सर्वांत आधी बसतं. आपण मानेच्या बाटलीत जे टाळायचं म्हणतो, ते या बाटलीत हमखास घडतं. आतली भिंत पातळ पत्र्याची असते. ती बाहेरच्या बाजूला फुगते, मधली पोकळी जिथे बंद केलेली असते तो सांधा उघडतो, आणि एकदा हवा आत शिरली की ती थर्मास राहत नाही, साधी बाटली होते. भांडी बाजारात कुणीही ती दुरुस्त करून देणार नाही. बरेचदा वरून काहीच दिसत नाही. तपासायचं असेल तर तिच्यात उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग गरम लागलं तर पोकळी गेली. फक्त झाकणाजवळचा भाग कोमट लागणं साहजिक आहे, त्याने घाबरू नका. बर्फ हवाच असेल तर ट्रेमध्ये वेगळा करा आणि त्याचे खडे थर्मासमध्ये टाकून वर गार पाणी ओता. थर्मास मुळात त्यासाठीच आहे.

एकेरी भिंतीची स्टीलची बाटली, जिच्या बाहेर गार पाण्याने लगेच दंव धरतं, ती पाऊण भरून ठेवता येईल. पण पाण्याची पातळी खांद्याखाली आहे का, हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मी ती टाळतो. ठेवलीच, तर दर वेळी बाहेर काढल्यावर सपाट ओट्यावर ठेवून पाहा. डुगडुगायला लागली, म्हणजे बूड बाहेर आलं.

पाण्याखेरीज बाकीचं थोडक्यात. दूध, ताक, सरबत, फळांचा रस यांत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे त्यांना तोच पाऊण बाटलीचा नियम लावा. साखरेमुळे वाढ किंचित कमी होते, सफरचंदाच्या रसाची साधारण ८ टक्के, पण तेवढ्यासाठी वेगळं माप ठेवण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात द्राक्षांचा रस करून ठेवणाऱ्यांनीही तसंच करावं, आणि शक्यतो रुंद तोंडाच्या डब्यात.

सोडा आणि फसफसणारी पेयं मात्र अजिबात नकोत, कितीही जागा असली तरी. पाणी गोठताना विरघळलेला वायू बर्फातून बाहेर ढकलला जातो आणि उरलेल्या द्रवावर त्याचा दाब वाढत जातो. मग बर्फाचा दाब आणि वायूचा दाब असे दोन्ही एकाच वेळी बाटलीवर येतात. चुकून राहिलीच तर गोठलेली बाटली लगेच उघडू नका आणि हातात धरून हलवूही नका. जाड फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि पूर्ण वितळल्यावर सिंकमध्ये धरून हळूहळू झाकण फिरवा. पाहुणे येणार म्हणून लवकर गार करायला फ्रीजरमध्ये घातलेल्या वाइनच्या बाटलीबाबतही आपल्या नाशकात हा प्रसंग नवा नाही. साधी १२ टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५-६ अंशांपाशी गोठायला लागते, फ्रीजर त्याहून बराच थंड असतो, आणि ती बाटली मानेपर्यंत भरलेली असते. अर्ध्या तासाचा गजर लावून ठेवा.